विश्वासाचे बटण आणि किल्लीचा हिशोब

गेवराई तालुक्यातील चकलांबा हे काही संगणकाच्या धंद्याचे गाव नव्हे. पण प्रवेशअर्ज, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, सातबारा ही सारी कामे आता कागदावर कमी आणि पडद्यावर अधिक होतात. त्यामुळे अशा गावातील विद्यार्थ्याला आणि शेतकऱ्याला वर्षातून दहा वेळा तरी दुसऱ्या कोणाच्या संगणकासमोर उभे राहावेच लागते. समजा, बारावी झालेला एक मुलगा गुणपत्रिकेची प्रत काढण्यासाठी अशाच एका दुकानात गेला. गुणपत्रिकेचे छायाचित्र त्याच्या फोनमध्ये आहे. फोन म्हणजे मावसभावाने पुण्यात दोन वर्षे वापरून दिलेला आयफोन. दुकानदार केबल पुढे करतो, मुलगा ती फोनला लावतो आणि पडद्यावर एक चौकट उमटते : "Trust This Computer?" खाली दोन बटणे. मुलगा थांबतो आणि विचारतो, "दादा, हे काय विचारतंय?" दुकानदाराच्या मागे सहा माणसे रांगेत उभी. तो मान वर न करता म्हणतो, "ट्रस्ट दाब रे, त्याशिवाय फोटो येत नाहीत." मुलगा बटण दाबतो, पासकोड घालतो, पाच रुपये देतो, प्रत घेतो आणि निघून जातो.

या व्यवहारात पाच रुपयांच्या मोबदल्यात नेमके काय दिले गेले, हा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. दुकानदाराने फसवले असे मुळीच नाही, त्याचा हेतू शुद्ध असू शकतो. पण प्रत घेऊन मुलगा घरी गेला तरी दिलेली वस्तू त्याच्याबरोबर घरी जात नाही. ती त्या संगणकात राहते.

मुळात फोन असा प्रश्न का विचारतो, हे समजण्यासाठी केबलकडे पाहिले पाहिजे. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन तारांतून वीज येते आणि उरलेल्या दोन तारांतून माहितीची देवाणघेवाण होते. भिंतीवरच्या चार्जरला बोलण्यासारखे फारसे काही नसते, तो वीज देतो आणि गप्प बसतो. संगणकाचे तसे नाही. वीज देत असतानाच तो दुसऱ्या दोन तारांवरून फोनला हाक मारतो : तू कोण, तुझ्याजवळ काय आहे, मला आत येऊ देतोस का? भोक एकच, केबल एकच, आणि त्यातून दोन भिन्न व्यवहार. माणसाला दिसते ती फक्त चार्जिंगची खूण. दुसरा व्यवहार नजरेआड चालतो. तो उघड व्हावा म्हणून ही चौकट आली. यातून एक साधी कसोटीही मिळते. नुसत्या चार्जिंगसाठी फोनला कोणावर विश्वास ठेवावा लागत नाही. "Don't Trust" दाबले तरी फोन चार्ज होत राहतो. तेव्हा बसस्थानकावरच्या किंवा लॉजमधल्या एखाद्या चार्जरला फोन लावल्यावर ही चौकट उमटली, तर त्याचा अर्थ एवढाच की पलीकडे केवळ चार्जर नाही, बोलणारे काहीतरी आहे.

हा प्रश्न फोनमध्ये पहिल्यापासून नव्हता. २०१३ पर्यंत आयफोनचा शिरस्ता असा की, फोनचे कुलूप उघडे असताना तो कोणत्याही संगणकाला जोडला तर दोघांचे आपोआप सूत जमे. फोनच्या मालकाला कोणी विचारत नसे. त्या वर्षी अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील बिली लाऊ, येओंगजिन जांग आणि चेंग्यू साँग या तिघांनी एक चार्जर तयार केला आणि लास व्हेगास येथील ब्लॅक हॅट परिषदेत तो दाखवला. बाहेरून तो चार्जर, आत मात्र बीगलबोर्ड नावाचा तळहाताएवढा संगणक. बाजारात सहज मिळणारी ही वस्तू सुमारे ४५ डॉलरची. फोन त्याला लावल्यावर मिनिटाभरात त्यात परके ॲप शिरत असे आणि मालकाला काही कळत नसे. एका विषारी कोळ्याच्या शास्त्रीय नावावरून त्यांनी या चार्जरला 'मॅक्टन्स' असे नाव दिले होते. त्याच वर्षी आलेल्या आयओएस ७ मध्ये ॲपलने विश्वासाचा प्रश्न घातला. अँड्रॉइडमध्ये संगणकाला फोनवर खोलवर हुकमत देणाऱ्या 'यूएसबी डीबगिंग'साठी मालकाची संमती घेण्याची पद्धत त्याच वर्षी, आवृत्ती ४.२.२ पासून, सुरू झाली. म्हणजे आज आपल्याला कटकट वाटणारा हा प्रश्न म्हणजे एका उघड्या दाराला उशिराने बसवलेली कडी आहे.

ही कडी काढली की काय होते? सर्वसाधारण समज असा की, 'ट्रस्ट' म्हणजे या घटकेपुरता होकार. केबल काढली की संबंध संपला. ही समजूत चुकीची आहे, आणि सगळ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा हाच आहे. बटण दाबून पासकोड घातला की फोन आणि संगणक एकमेकांना आपापली ओळख पटवणाऱ्या किल्ल्या देतात, आणि दोघेही त्या जपून ठेवतात. संगणकात त्या एका छोट्या फाइलच्या रूपाने राहतात. विंडोजच्या संगणकात अशा फाइलींचे जे फोल्डर असते त्याचे नावच "Lockdown" असे आहे. याशिवाय फोन संगणकाला आणखी एक किल्ली देतो. तिच्या बळावर तो संगणक पुढच्या खेपेस फोनला कुलूप असतानाही, पासकोड न विचारता, आतल्या माहितीपर्यंत पोहोचू शकतो. ही सोय ॲपलने मालकासाठीच केली. घरच्या संगणकाला फोन जोडताना दर वेळी पासकोड घालावा लागू नये हा तिचा उद्देश. घरच्या संगणकाच्या बाबतीत तो रास्तही आहे. दुकानातल्या संगणकालाही तीच किल्ली मिळते, कारण घर कोणते आणि दुकान कोणते हे फोनला कळत नाही.

विश्वास मिळालेला संगणक फोनमधील छायाचित्रे, चित्रफिती, संपर्क आणि इतर मजकूर पाहू शकतो, त्यांची जुळणी करू शकतो आणि संपूर्ण फोनची प्रत, म्हणजे बॅकअप, घेऊ शकतो. या प्रतीत जुने संदेशही येतात. प्रतीला सांकेतिक कुलूप लावण्याची सोय आहे, पण ते आपणहून लावावे लागते. २०१८ मध्ये सिमँटेक या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट उघड केली. एकदा विश्वास मिळालेला संगणक 'वाय-फायवरून जुळणी' ही सोय स्वतःच चालू करू शकत होता. मग फोन आणि संगणक एकाच वाय-फायवर आले की केबलशिवायही त्याला फोनपर्यंत जाता येई. चौकटीतील इंग्रजी वाक्याचा आशय 'जोडलेला असताना या संगणकाला तुमची माहिती मिळेल' असा होता. जोडलेला म्हणजे केबलने, असेच कोणीही समजेल. शब्द खोटा नव्हता, पण त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या अर्थाहून मोठा होता. सावकारी कागदातील शब्दांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

ॲपलने मधल्या काळात काही कड्या आणखी बसवल्या, हे सांगितले पाहिजे. २०१७ पासून विश्वासासाठी नुसते बटण पुरत नाही, पासकोडही लागतो. महिनाभर उपयोग झाला नाही तर संगणकाला दिलेली किल्ली बाद होते. फोन बंद करून पुन्हा सुरू केला तर मालकाने एकदा पासकोड घालेपर्यंत ती चालत नाही. २०२२ च्या अखेरीपासूनच्या आवृत्त्यांत संपूर्ण बॅकअप सुरू होताना फोन पुन्हा पासकोड मागतो. हे सारे चांगलेच आहे. तथापि महिनाभराची मुदत शेवटच्या उपयोगापासून मोजली जाते. दर पंधरवड्याला त्याच दुकानात जाणाऱ्याच्या बाबतीत ती कधीच भरत नाही.

चकलांब्यात काय किंवा बीड शहरात काय, बहुतेकांच्या हाती अँड्रॉइड फोन असतो, आणि त्याची रीत निराळी आहे. जुन्या वाड्याची उपमा घेतली तर अँड्रॉइडमध्ये पाहुण्यासाठी तीन टप्पे आहेत. २०१५ मधील अँड्रॉइड ६ पासून फोन संगणकाला जोडला की तो प्रथम केवळ चार्ज होतो. पाहुणा अंगणात आहे. मालकाने कुलूप उघडून "File transfer" निवडले की पाहुणा ओसरीवर येतो. छायाचित्रे, उतरवून घेतलेल्या फाइली, व्हॉट्सॲपवर आलेली चित्रे आणि कागदपत्रे त्याला दिसतात. बँकेच्या ॲपच्या आतली माहिती त्याला दिसत नाही. केबल काढली की पाहुणा पुन्हा अंगणात. दुकानातल्या छपाईसाठी एवढे भरपूर आहे. आधार आणि पॅनच्या प्रती ओसरीवरच पसरून ठेवण्याची आपली सवय मात्र वेगळी चिंता करण्यासारखी आहे.

तिसरा टप्पा माजघराचा. "Allow USB debugging?" अशी चौकट येते, तिच्यात संगणकाच्या किल्लीची ओळख म्हणून अक्षरे आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ असते, आणि खाली "Always allow from this computer" असा चौकोन. ही सोय ॲप तयार करणाऱ्यांसाठी आहे. ती फोनमध्ये मुळात बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन "Build number" या ओळीवर सात वेळा बोट मारल्याशिवाय तिचा रस्ताच दिसत नाही. सामान्य माणूस तिथे जात नाही. पण दुरुस्तीच्या दुकानात ती अनेकदा चालू केली जाते, कारण बिघडलेला फोन ताळ्यावर आणायला ती उपयोगी पडते, आणि काम झाल्यावर ती बंद करण्याचे राहून जाते. या वाटेने संगणक फोनचा पडदा पाहू शकतो, पडद्यावर बोट मारल्यासारखा हुकूम देऊ शकतो, नवे ॲप घालू शकतो आणि त्या ॲपला कित्येक परवानग्या मालकाला न विचारता देऊ शकतो. यूपीआयचा पिन फोनमधल्या कोणत्या फाइलीत लिहून ठेवलेला नसतो, तेव्हा तो उचलून नेता येत नाही. परंतु बँकेचा एकवेळचा संकेतांक ज्या संदेशातून येतो तो संदेश वाचणारे ॲप बसवता येते. भय आहे ते इथे. दुरुस्तीहून फोन परत आला की "Developer options" चालू आहे काय ते पाहावे, "Revoke USB debugging authorizations" दाबावे आणि डीबगिंग बंद करावे. पूर्वी कोणाकोणाला दिलेल्या साऱ्या किल्ल्या त्याने रद्द होतात. अँड्रॉइड ११ पासून सात दिवस न वापरलेली परवानगी आपोआपही जाते, पण त्या सात दिवसांवर विसंबण्याचे कारण नाही.

येथे अँड्रॉइडची एक गोष्ट आयफोनपेक्षा सरस आहे. "Always allow" हा चौकोन कोरा ठेवला तर होकार त्या वेळेपुरता राहतो. 'आजच्यापुरता ये' आणि 'केव्हाही ये' यांत फरक आहे, आणि तो करण्याची मुभा मालकाला आहे. आयफोनच्या चौकटीत अशी मुभा नाही. एक तर सदासर्वकाळ विश्वास, नाही तर अविश्वास. मुदत न लिहिलेला करार कोणताही अर्थशास्त्रज्ञ संशयानेच पाहील. बीड जिल्ह्याला तर हे शिकवायला नको. येथील ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेतो तेव्हा त्या दिवशीचा व्यवहार काही हजारांचा दिसतो, पण हंगाम संपला तरी उचल फिटत नाही आणि पुढच्या हंगामालाही तोच कोयता त्याच मुकादमाकडे बांधलेला राहतो. दोन्ही व्यवहारांची तुलना फार ताणू नये. पण घेण्याची घटका दिसते आणि बांधिलकीची लांबी दिसत नाही, हे साम्य खरे आहे.

संगणकाच्या बाजूलाही असाच प्रश्न आहे, आणि तो अधिक अवघड आहे. संगणकाला कळफलक जोडला तर बहुतेक संगणक काही न विचारता तो स्वीकारतात, कारण विचारले तरी उत्तर कशाने द्यायचे? कळफलकानेच तर 'हो' म्हणायचे असते. २०१४ मध्ये जर्मनीतील कार्स्टन नोल आणि त्याच्या सहकाऱ्याने दाखवले की, पेनड्राइव्हच्या आतली आज्ञावली बदलून त्याला आपण कळफलक असल्याचे सोंग आणायला लावता येते. संगणक त्यावर विश्वास ठेवतो आणि पेनड्राइव्ह भराभर हुकूम टाइप करतो. ॲपलच्या नव्या मॅक लॅपटॉपवर २०२२ पासून नवे उपकरण जोडताना परवानगी विचारली जाते. विंडोजवर सहसा विचारली जात नाही.

हीच फट २०२५ मध्ये फोनच्या चौकटीलाही बाधली. ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी असा चार्जर दाखवला की, जो एका बाजूने संगणक म्हणून विश्वास मागतो आणि दुसऱ्या बाजूने कळफलक होऊन स्वतःच 'हो' दाबतो. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा एकच! या युक्तीला त्यांनी 'चॉइसजॅकिंग' म्हटले. दहा-बारा वर्षे आपण या चौकटीला राखणदार मानत होतो, तिचा पाया एका गृहीतकावर उभा होता : बटण दाबणारे बोट माणसाचेच असणार. त्यांच्या सूचनेनंतर ॲपलने आयओएस १८.४ मध्ये आणि गूगलने अँड्रॉइड १५ मध्ये परवानगीसाठी पिन किंवा तत्सम ओळख सक्तीची केली. पिन चार्जरला ठाऊक नसतो, म्हणून हा उपाय खरा आहे. पण अँड्रॉइडची सुधारणा प्रत्येक कंपनीच्या फोनपर्यंत सारख्या वेगाने पोहोचत नाही, आणि जुन्या फोनपर्यंत ती पोहोचतच नाही. गावात विकले जाणारे फोन बहुधा जुने.

या साऱ्याने सार्वजनिक चार्जरची दहशत घ्यावी काय? मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने आर्थिक फसवणुकींच्या प्रकारांवर एक पुस्तिका काढली. चार्जिंगच्या केबलमधून माहिती चोरण्याचा प्रकारही तिने त्यांत घातला. सावधगिरीचा सल्ला म्हणून ते योग्यच आहे. परंतु अशा चोरीची प्रात्यक्षिके पुष्कळ आहेत आणि सिद्ध झालेले गुन्हे फार विरळ. चोराला बसस्थानकावर खास चार्जर बसवून अनोळखी फोनची वाट पाहण्यापेक्षा एक खोटा दूरध्वनी करणे कितीतरी स्वस्त पडते. म्हणून भीतीची दिशा बदलली पाहिजे. धोका अनोळखी चार्जरपेक्षा ओळखीच्या संगणकाकडून अधिक आहे. छपाईचे दुकान, दुरुस्तीचे दुकान, वसतिगृहातील सोबत्याचा लॅपटॉप, कचेरीतील सामायिक संगणक. तिथे आपण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पासकोडने किल्ली दिलेली असते. आणि तो संगणक उद्या विकला गेला, चोरीला गेला, किंवा त्यात व्हायरस शिरला, तर किल्ली कोणाच्या हाती जाईल हे दुकानदारालाही सांगता येणार नाही. छपाईच्या दुकानांतील संगणकांना दिवसभरात डझनावारी पेनड्राइव्ह लागतात, त्यांत व्हायरस असणे ही अपवादाची गोष्ट नव्हे.

यात दुकानदाराला दोष देणे सोपे आहे आणि ते चुकीचे आहे. त्याला रांग संपवायची असते. 'ट्रस्ट दाब' म्हटल्याने त्याची दोन मिनिटे वाचतात आणि जोखीम ग्राहकाकडे जाते. जो निर्णय घ्यायला लावतो त्याला किंमत मोजावी लागत नाही आणि जो किंमत मोजतो त्याला निर्णयाचा अर्थ समजत नाही, तेव्हा निर्णय वाईटच होणार. प्रश्न इंग्रजीत, वेळ तीन सेकंद, मागे रांग, आणि 'नाही' म्हटले तर काम अडेल ही धास्ती. या स्थितीतील संमतीला संमती म्हणणे म्हणजे शब्दाची थट्टा आहे. दुकानात ॲपलचे सॉफ्टवेअर नसलेला साधा विंडोज संगणक असता तर त्याच फोनने निराळा प्रश्न विचारला असता : "Allow this device to access photos and videos?" हा होकार छायाचित्रांपुरताच, म्हणजे गुणपत्रिकेच्या कामाला पुरेसा. पण त्या दुकानात बंद पडलेले आयफोन सुरू करण्याचेही काम चालते, म्हणून संगणकात ॲपलचे सॉफ्टवेअर आहे, आणि म्हणून पाच रुपयांच्या छपाईला माजघराची किल्ली लागली. काम तेच, किंमत मात्र दुकानाच्या दुसऱ्या धंद्यावर ठरली.

शासनमान्य सेवा केंद्रांना प्रत्येक सेवेचा दर फलकावर लावावा लागतो. त्याच फलकावर आणखी एक ओळ असायला काय हरकत आहे : 'छपाईसाठी फोन जोडण्याची गरज नाही, फाइल केंद्राच्या ईमेलवर पाठवा, काम होताच ती पुसली जाईल'? ईमेलने गेली तर एक गुणपत्रिका जाते, सारा फोन जात नाही. आणि आयफोनच्या चौकटीत 'फक्त या वेळेपुरता' असे तिसरे बटण घालणे ॲपलला अशक्य नाही. ज्या कंपनीने तारेवरच्या बोलण्याला कुलूप घातले तिला मुदतीची एक ओळ लिहिता येऊ नये, हे पटत नाही.

तोवर त्या मुलाने करण्यासारखी गोष्ट दोन मिनिटांची आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये "General", त्यात "Transfer or Reset iPhone", त्यात "Reset" आणि शेवटी "Reset Location & Privacy". पासकोड घातला की आजवर दिलेले सारे विश्वास रद्द होतात, दुकानातली किल्लीची फाइल तिथेच पडून राहते पण ती कोणत्याही कुलपाला लागत नाही. एक गैरसोय होते. नकाशा, कॅमेरा, संपर्क यांसाठी प्रत्येक ॲप पुन्हा पहिल्यापासून परवानगी मागू लागते, आणि दोन दिवस फोन उठसूट प्रश्न विचारतो. त्यांतल्या निम्म्या प्रश्नांना या खेपेस 'नाही' असे उत्तर देता येते, हे त्या मुलाच्या तेव्हाच लक्षात येईल.